गरम पाण्यात चांदी निसटते

प्रयोगशाळेत चांदी मोजताना सिल्व्हर क्लोराईडचा दह्यासारखा साका गाळण्याआधी चंचुपात्र थंड का करतात? हा क्षार विरघळताना दर मोलला सुमारे ६५.५ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणून तापमानासोबत त्याची विद्राव्यता वाढते. किती, ते हे सूत्र सांगते:

ln(s₂/s₁) = (ΔH/2R)(1/T₁ − 1/T₂)

छेदातला २ विसरू नका. क्षाराचे दोन आयन होतात. २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला, लिटरमध्ये १.९ मिलिग्रॅम विरघळते. ५० अंशांसाठी उजवी बाजू येते १.०२, म्हणजे २.८ पट: साधारण ५.३ मिलिग्रॅम. प्रत्यक्ष मोजमापही याच्या अगदी जवळ आहे.

शोऱ्याला मात्र हे सूत्र लावू नका. त्याच्या दाट द्रावणात आयन एकमेकांना खेटतात. २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना सूत्र शंभर ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम सांगते, विरघळतो ६४.