सर्दी गेली, तरी मूल ‘काय?’ ‘काय?’ का विचारतंय?

सहा वर्षांचा एक मुलगा. पावसाळ्यात तीन वेळा सर्दी झाली, तीनही वेळा बरी झाली. पण सप्टेंबरपासून टीव्हीचा आवाज वाढला. अम्मीने स्वयंपाकघरातून हाक मारली की ओ नाही. मकतबमधून तक्रार आली, “सबक सांगतो ते नीट ऐकत नाही, उलटंच म्हणतो.” घरात दोनदा रागावणंही झालं. खरं तर त्याला ऐकूच कमी येत होतं.

नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानात एक बारीक नळी जाते. कानात हवा खेळती ठेवणं हे तिचं काम. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, आत हवा जात नाही आणि पडद्यामागे पाणी साठतं. कधी ते डिंकासारखं घट्ट होतं. मग पडदा मोकळेपणाने हलत नाही आणि कानात बोटं घातल्यावर ऐकू यावं तसं दबकं ऐकू येतं. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कुणाला संशयच येत नाही. त्यातून कधी बरं, कधी कमी ऐकू येतं, त्यामुळे मूल मुद्दाम करतंय असं वाटतं.

लसूण घातलेलं कोमट तेल इथे उपयोगाचं नाही. पाणी पडद्याच्या मागे, तेल पडद्याच्या पुढे! पडद्याला भोक असेल तर नुकसानच. या पाण्यावर अँटिबायोटिक आणि सर्दीच्या गोळ्यांचाही फायदा होत नाही.

बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप जिरतं. या मुलाचंही तसंच झालं. ऑक्टोबरमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडदा पाहिला. मग कानाच्या तोंडाशी रबरी टोक लावून हवेचा हलका दाब दिला. पडदा हलला की मशीनवर डोंगरासारखी रेघ येते. याची सपाट आली. हेडफोन लावून केलेल्या तपासणीत दोन्ही कानांना ३० डेसिबलच्या खालचे आवाज ऐकू येत नव्हते, म्हणजे कुजबुज गेलीच, वर्गातलं लांबून बोललेलंही निसटत होतं. औषध दिलं नाही. पहिल्या बाकावर बसवा, तोंडासमोर येऊन बोला, घरात विडी-सिगारेटचा धूर नको, असं सांगितलं. जानेवारीत पुन्हा तपासलं, तेव्हा रेघेला डोंगर आला होता.

तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवायचा विचार होतो. ती साधारण वर्षभरात आपोआप गळून पडते.

पण प्रत्येक वेळी तीन महिने थांबायचं नसतं. मूल उशिरा किंवा अस्पष्ट बोलत असेल, शाळेत मागे पडत असेल, तर तपासणी लगेच करा. कान वाहणं, खूप दुखणं किंवा एकाएकी ऐकू येईनासं होणं, यात तर एक दिवसही घालवू नका. बाळ फार लहान असेल तरी “मोठं झाल्यावर बघू” नको. हात वर न करताही ऐकणं तपासता येतं.