उपअभियंता म्हणजे नक्की कोण?

बांधकाम कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. एकदा महामार्गाच्या एका कामासाठी दीडशेच्या आसपास अर्ज आले होते. पहिली चाळण करायला एक तरुण मुलगी होती, हुशार, एमबीए केलेली. संध्याकाळी तिने कनिष्ठ पदांचा म्हणून जो गठ्ठा बाजूला काढला, त्यात एका निवृत्त कार्यकारी अभियंत्याचा अर्ज सापडला. मी विचारलं, हा इथे कसा? ती म्हणाली, "सर, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर लिहिलंय ना. आपल्याकडे एक्झिक्युटिव्ह म्हणजे दोन-तीन वर्षांचा अनुभव."

तिचं काही चुकलं नव्हतं. खासगी कंपनीत एक्झिक्युटिव्ह ही शिडीची पहिली-दुसरी पायरी असते. सार्वजनिक बांधकाम विभागात मात्र कार्यकारी अभियंता हा अख्ख्या विभागाचा प्रमुख. त्याच्या हाताखाली चार-पाच उपविभाग असतात, ठेकेदारांची देयकं त्याच्या सहीने निघतात. उपअभियंत्याचंही तसंच. डेप्युटी इंजिनिअर म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, कुणाचा तरी मदतनीस असणार. प्रत्यक्षात तो बहुधा एका तालुक्याच्या बांधकाम कार्यालयाचा प्रमुख असतो. मंत्रालयातल्या अवर सचिवाची गत तर आणखी अवघड, कारण खासगी कार्यालयात सेक्रेटरी म्हणजे साहेबांच्या भेटीगाठींची वेळ ठरवणारी व्यक्ती.

राज्य शासनातले बहुतेक अधिकारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात. हातपाय धड असतात, डोक्यात तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव असतो आणि पुढे काम करायची इच्छाही असते. अडतं ते बायोडेटाच्या पहिल्या पाच-सहा ओळींत. त्या ओळींना समरी म्हणतात, मराठीत सारांश म्हणू. चाळण करणारा माणस त्या वाचतो आणि पुढचं पान उलटायचं की नाही ते ठरवतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतले एक गृहस्थ आपला सारांश घेऊन आले. 1991 साली कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, 2024 साली उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांनी लिहिलं होतं : "सार्वजनिक बांधकाम विभागात 33 वर्षांची निष्कलंक सेवा. विविध पदांवर विविध कामे यशस्वीरीत्या पार पाडली. गोपनीय अहवाल सातत्याने उत्कृष्ट. आजवर अकरा ठिकाणी काम केले."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तरीही कंपनीतल्या माणसाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. निष्कलंक म्हणजे चौकशी लागली नाही, हे शासनात मोठं वाक्य आहे, पण बाहेर ते गृहीतच धरलेलं असतं. गोपनीय अहवाल काय असतो ते तिथे कुणाला ठाऊक नसतं. आणि अकरा ठिकाणं वाचून तर सरळ शंका येते की हा माणूस तीन वर्षांपेक्षा जास्त कुठे टिकला का नाही? महाराष्ट्रात बदल्यांचा 2005 चा कायदा आहे आणि त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे, हे त्या वाचकाला कोण सांगणार? म्हणून बदल्यांची यादी सारांशात येऊच द्यायची नाही. मालक एकच होता, हे सुरुवातीलाच सांगायचं. खाली तपशिलातही शासन हे एकच शीर्षक ठेवून त्याखाली पदं लिहायची, गावं नाहीत.

मी त्यांना म्हटलं, पदनाम आणि दिनांक जरा बाजूला ठेवू. तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर काय अडायचं, तेवढं सांगा.

ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग बोलायला लागले. "पहिल्यांदा बिलं अडायची. ठेकेदाराने केलेलं काम कनिष्ठ अभियंता मोजून मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.त, लिहितो. मी जागेवर जाऊन ते तपासायचो. माझी सही झाल्याशिवाय बिल वर जात नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की जेसीबी कुठून आणायचा, वाहतूक कुठून वळवायची, ते रात्री दोन वाजता मला ठरवावं लागायचं. पुढच्या वर्षीच्या कामांची अंदाजपत्रकं अडायची. आणि ऑडिटवाले आले की उत्तरं द्यायला मीच."

मग मी एकेका वाक्याला आकडा विचारत गेलो. शेवटच्या उपविभागात हाताखाली किती माणसं? पाच अभियंते, बाकी कार्यालयातले आणि रस्त्यावरचे धरून 38. रस्ते किती? सुमारे 410 किलोमीटर. वर्षाला किती रकमेची कामं? साधारण 14 कोटी. अडलेलं काम मार्गी लावलं असं एखादं? एका पुलाचं होतं. साठ मीटर लांबीचा, ठेकेदार अर्ध्यावर सोडून गेलेला. फेरनिविदा निघाली, नवा ठेकेदार आला आणि 14 महिन्यांत पूल वाहतुकीला खुला झाला. ऑडिटचे किती आक्षेप होते? रुजू झाले तेव्हा 46 परिच्छेद पडून होते, सोडताना 9 उरले होते.

हा शेवटचा आकडा त्यांनी जाता जाता सांगितला. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. पण जी कंपनी सरकारी कामं घेते, तिचे पैसे अशाच आक्षेपांत अडकलेले असतात. बिलावर शेरा नेमका कशामुळे येतो, वाढीव कामाची मंजुरी आधी घेतली नाही तर पुढे काय होतं, मोजमापात कुठली नोंद राहिली की वसुली लागते, हे आतून पाहिलेला माणूस कंपनीला हवा असतो. टेबलाच्या पलीकडे तीस वर्षं बसलेल्या माणसाची किंमत इथेच आहे.

एका ठिकाणी मात्र मी त्यांना थांबवलं. त्यांनी कच्च्या मसुद्यात "दरवर्षी 14 कोटींचा निधी खर्च केला" असं लिहिलं होतं. उपअभियंता खर्च करत नाही. तो अंदाजपत्रक तयार करतो, काम तपासतो, देयकाची शिफारस करतो. देयक मंजूर होतं कार्यकारी अभियंत्याच्या पातळीवर. सरकारी कामाची माहिती असणारा एखादा जण मुलाखतीला बसला असेल तर हा फरक त्याला लगेच कळतो आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून क्रियापद अधिकाराच्या मापाचंच हवं. मंजूर केलं, शिफारस केली, तपासलं, सादर केलं, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

पदनामाचंही तेच. काही जण उपअभियंता काढून तिथे जनरल मॅनेजर लिहितात, कंपनीच्या भाषेत सांगितलं म्हणून. असं करू नये. नेमणुकीआधी कंपन्या कागदपत्रं तपासतात. निवृत्तीच्या आदेशावर एक पद आणि अर्जावर दुसरं दिसलं की तिथेच सगळं संपतं. मूळ पदनाम आहे तसंच ठेवावं आणि लगेच पुढे त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगावा.

तासाभराच्या बसण्यातून जो मजकूर उतरला, तो असा होता. अर्जात तो इंग्रजीत गेला, अर्थ हाच.

"सिव्हिल इंजिनिअर, रस्ते व पूल. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागात सलग 33 वर्षे. शेवटची 9 वर्षे उपअभियंता, म्हणजे तालुका पातळीवरील बांधकाम कार्यालयाचा प्रमुख. शेवटच्या कार्यालयात 5 अभियंत्यांसह 38 कर्मचारी, 410 किमी रस्ते आणि वर्षाला सुमारे 14 कोटींची कामे. अंदाजपत्रक, कामाची तपासणी, मोजमाप आणि देयकाची शिफारस ही जबाबदारी. ठेकेदाराने अर्धवट सोडलेला 60 मीटरचा पूल फेरनिविदेनंतर 14 महिन्यांत पूर्ण. प्रलंबित 46 लेखाआक्षेपांपैकी 37 निकाली. सरकारी कामे घेणाऱ्या कंपनीत मोजमाप, देयके व दावे हाताळण्याचे काम अपेक्षित."

शेवटचं वाक्य त्यांना उद्धट वाटत होतं. शासनात पद मागायचं नसतं, आदेश येतो. पण कंपनीला हा माणूस कुठे बसवायचा हे सांगणारी तेवढी एकच ओळ आहे, म्हणून ती ठेवायलाच हवी.

आकडे आठवणीतून घ्यावेत आणि गोल करावेत. कार्यालयातल्या फायलींच्या प्रती घरी आणून त्यातून उतारे देऊ नयेत. चालू निविदा, वाद किंवा चौकशी यातलं काहीही लिहू नये. आणि "मंत्रालयात चांगल्या ओळखी" हे वाक्य तर कुठेच नको. चांगली कंपनी ते वाचून सावध होते, आणि ज्या कंपनीला ते वाचून आनंद होतो तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गट अ च्या अधिकाऱ्यांनी अर्ज करण्याआधी नियमही पाहून घ्यावा. केंद्र शासनाच्या गट अ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर परवानगी लागते. राज्यांचे नियम आपापले आहेत आणि ते आपल्या आस्थापना शाखेत विचारता येतात.

सारांशाला मर्यादाही आहेत. महामार्गाच्या कामांवर सल्लागार कंपन्या जे अभियंते देतात, त्यांचे बायोडेटा ठरावीक नमुन्यातच भरावे लागतात आणि तिथे वयाचीही अट असते. अशा ठिकाणी ह्या सहा ओळींचा उपयोग नाही. तिथे कामांचा तक्ता पूर्ण आणि अचूक भरणं हेच महत्त्वाचं.

सारांश जमला की नाही, हे ओळखण्याची माझी एक पद्धत आहे. ज्याच्या घरात कुणी सरकारी नोकरीत नाही असा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी शोधायची. कागद अर्धा मिनिट हातात द्यायचा आणि काढून घ्यायचा. मग विचारायचं, हे काय काम करायचे? या गृहस्थांचा पहिला कागद वाचून त्यांच्या भाचीने सांगितलं, "काका सरकारी नोकरीत होते." दुसरा कागद वाचून ती म्हणाली, "एका तालुक्याचे रस्ते सांभाळायचे आणि कॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासायचे."

पुढे एका कंपनीने त्यांना बोलावलं. मुलाखत चाळीस मिनिटं चालली. त्यातली अर्धी पुलावर गेली आणि अर्धी त्या 37 आक्षेपांवर.