‘परत या हं वहिनी’: अनुभव आणि सिद्धांत यांची गाठ कुठे पडते?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर बी.ए.च्या विद्यार्थ्यांनाही ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट करावं लागतं आणि पुष्कळदा शेवटी एक चिंतनपर निबंध लिहून द्यायचा असतो. सूचना साधारण एकच असते: आपला अनुभव लिहा आणि तो अभ्यासक्रमातल्या संकल्पनांशी जोडा. यातलं पहिलं काम बहुतेकांना जमतं, दुसऱ्यापाशी गाडी अडते. समाजशास्त्राचे असे निबंध मी दरवर्षी तपासते. ‘वर्णन जास्त, विश्लेषण कमी’ हा शेरा त्यांवर इतक्या वेळा लिहावा लागतो की तो वाचून मुलांना नेमकं काय करायचं ते कळत नसणार, हे आता मला ठाऊक झालं आहे. म्हणून त्या शेऱ्यानंतरचं काम इथे एक मसुदा घेऊन करून दाखवते. हा मसुदा कुणा एका विद्यार्थिनीचा नाही. वाचलेल्या अनेक निबंधांवरून मी तो रचला आहे.

“दिवाळीच्या आधी मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानात काम केलं. सुरुवातीला मला साडीची घडीही नीट घालता येत नव्हती, पण तिथल्या काकांनी शिकवलं. एकदा एक बाई दीड तास बसल्या, ढीगभर साड्या उलगडून पाहिल्या आणि ‘बघून येते’ म्हणून निघून गेल्या. मला खूप राग आला, तरी मी हसून ‘परत या हं वहिनी’ म्हटलं. काका म्हणाले, ‘आपल्याच बहिणीच्या लग्नाची खरेदी चाललीय असं समजायचं, मग राग येत नाही.’ या कामातून मला संयम आणि संवादकौशल्य शिकायला मिळालं. आर्ली हॉकशिल्ड यांनी भावनिक श्रमाचा सिद्धांत मांडला आहे. भावनिक श्रम म्हणजे नोकरीत भावनांवर नियंत्रण ठेवणं. मलाही हाच अनुभव आला.”

मुलगी प्रामाणिक आहे आणि तिची नजरही चांगली आहे. पण हॉकशिल्डबद्दलची शेवटची तीन वाक्यं हाताने झाकून मसुदा पुन्हा वाचा. काहीच बिघडत नाही. आता उलटं करा: ती तीन वाक्यं उचलून दवाखान्यात किंवा बँकेत काम केलेल्या मुलाच्या निबंधाला लावा. तिथेही ती चपखल बसतील. सिद्धांत काढून टाकला तर अनुभवाला काही फरक पडत नसेल आणि अनुभव बदलला तरी सिद्धांताचं वाक्य तसंच राहत असेल, तर दोघांची भेटच झालेली नाही. आपला निबंध तपासायला मला याहून सोपी कसोटी सापडलेली नाही.

असं होण्याचं एक कारण म्हणजे सिद्धांत फार थोडा आठवलेला असतो. ‘भावनांवर नियंत्रण’ एवढ्या मोघम व्याख्येत सगळं जग मावतं. परीक्षेच्या आदल्या रात्री रडू आवरणारा मुलगासुद्धा त्यात येतो. हॉकशिल्ड यांचं ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक 1983 साली आलं. त्यासाठी त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांचं प्रशिक्षण जवळून पाहिलं होतं. पगाराच्या बदल्यात, मालकाच्या अपेक्षेप्रमाणे आपला चेहरा, आवाज आणि मनसुद्धा घडवावं लागतं, त्याला त्या भावनिक श्रम म्हणतात. घरच्या लग्नात नावडत्या पाहुण्यांशी गोड बोलणं हे भावनांचं काम खरं, पण ते या अर्थाने श्रम नव्हेत, कारण तिथे पगार नाही आणि ते हसू कुणी विकत घेत नाही.

या कामाच्या दोन रीती त्या सांगतात. एका रीतीत माणूस फक्त वरून बदलतो. आत चीड असते, चेहऱ्यावर हसू असतं आणि आपण दाखवतोय ते खरं नाही हे त्याला पुरतं माहीत असतं. हा वरवरचा अभिनय. दुसऱ्या रीतीत तो कल्पनेच्या मदतीने खरोखरच वेगळं वाटून घेतो. हा आतून केलेला अभिनय. ही दुसरी कल्पना हॉकशिल्ड यांनी रंगभूमीवरून, स्तानिस्लावस्कीच्या अभिनयपद्धतीवरून घेतली. सेविकांना सांगितलं जायचं की विमान म्हणजे आपलं घर समजा आणि प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे. तसं समजलं की हसू ओढून आणावं लागत नाही.

एवढं नीट वाचून झाल्यावर मसुद्याकडे परत या. काकांचं वाक्य आता वेगळंच दिसू लागतं. ‘आपल्याच बहिणीच्या लग्नाची खरेदी चाललीय असं समजायचं’ हा सल्ला म्हणजे विमानकंपनीच्या त्या धड्याचा सख्खा भाऊच आहे. मसुद्यात हे वाक्य एका गमतीदार आठवणीसारखं येऊन गेलं होतं. खरं तर निबंधातला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे, आणि तो विद्यार्थिनीने स्वतःच टिपलेला आहे. एकाच गादीवर दोन माणसं बसली आहेत. एकच गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठून गेलं आहे. मुलगी वरवरचा अभिनय करते आहे, काका तिला आतल्या अभिनयाची युक्ती शिकवताहेत. संकल्पनेशिवाय हा फरक तिच्या नजरेला पडला नसता. सिद्धांत निबंधात हवा तो यासाठी.

म्हणून पुन्हा लिहायला बसल्यावर मी मुलांना सगळा कालावधी बाजूला ठेवून एकच प्रसंग घ्यायला सांगते. जिथे आपलं वागणं आणि आपलं वाटणं यांत अंतर पडलं, किंवा कुणी असं काही बोललं की ते डोक्यातून गेलं नाही, असा प्रसंग. मग तो सावकाश लिहायचा आणि संकल्पना वेगळ्या परिच्छेदात न ठेवता जिथे ती लागते तिथेच आणायची. आपल्या मसुद्यातला तो भाग असा होऊ शकेल:

“बाई पायऱ्या उतरेपर्यंत माझं हसू टिकलं. त्या दिसेनाशा झाल्या आणि मी समोरचा ढीग जरा जोरातच ओढला. माझ्या रागात काहीच फरक पडला नव्हता, फक्त तो गिऱ्हाइकापासून लपला होता. हॉकशिल्ड ज्याला वरवरचा अभिनय म्हणतात तो हाच. काकांनी ओळखलं. ते मला ‘हसत राहा’ असं म्हणाले नाहीत. बहिणीच्या लग्नाची कल्पना कर, असं म्हणाले. म्हणजे चेहरा नव्हे, वाटणंच बदल, असं ते सांगत होते. पुढच्या गिऱ्हाइकाला मी तसं करून पाहिलं. राग खरोखर कमी आला. पण त्या बाईही काही न घेता गेल्या तेव्हा चिडण्याऐवजी मला वाईट वाटलं, बहिणीने आपलं ऐकलं नाही तर वाटतं तसं. आतल्या अभिनयाने मला रागापासून वाचवलं, पण दुकानाच्या विक्रीत माझं मन गुंतवलं.”

शेवटचं वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकातून उचललेलं नाही. ते सिद्धांताच्या आधाराने निघालं, पण आलं त्या गादीवरून. झाकून पाहायची कसोटी इथे लावा: हॉकशिल्ड काढून टाकल्या तर परिच्छेद कोसळतो, आणि साड्यांच्या जागी बँक घातली तरी कोसळतो.

यापुढची पायरी फार थोडी मुलं चढतात. आपला अनुभव सिद्धांताला कुठे बसत नाही, तेही लिहायचं असतं. हॉकशिल्ड यांच्या मांडणीत मालक प्रशिक्षण देतो, देखरेख ठेवतो आणि त्यातून कामगाराच्या भावनांवर ताबा मिळवतो. या दुकानात प्रशिक्षणवर्ग नाही, नियमांची पुस्तिका नाही. मालक गल्ल्यावर बसून पाहतात एवढंच, आणि शिकवणारे काका स्वतःच पगारी नोकर आहेत. मग ताबा कुणाचा? शिवाय ‘ताई’, ‘वहिनी’, ‘मावशी’ ही हाक कुणा कंपनीने घडवलेली नाही. ती आपल्या घरातून दुकानात आली आहे. स्वतःचं हसू पगारासाठी विकत राहिलं की माणूस आपल्याच भावनांना परका होतो, ही हॉकशिल्ड यांची मोठी चिंता होती. काकांकडे पाहून तसं वाटत नाही. घरोघरची लग्नं त्यांच्या लक्षात आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. शॅरन बोल्टन यांनी हॉकशिल्ड यांच्यावर याच दिशेने टीका केली: कामावरच्या सगळ्याच भावना मालकाने विकत घेतलेल्या नसतात, काही माणूस आपण होऊन देतो. काका कोणत्या बाजूला बसतात हे विद्यार्थिनीने ठरवलंच पाहिजे असं नाही, पण प्रश्न नेमका मांडला पाहिजे. ‘या अनुभवाने सिद्धांत सिद्ध झाला’ हे वाक्य मात्र मी नेहमी खोडते. एका दुकानाने काही सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की सिद्धांत इथे काय उजळवतो आणि काय अंधारात ठेवतो.

एक धोका या पुनर्लेखनात हमखास येतो, आणि तो मला वर्णनाच्या अतिरेकापेक्षा गंभीर वाटतो. सिद्धांत कळल्यावर मुलं आपली आठवणच दुरुस्त करायला लागतात. ‘त्या क्षणी मी वरवरचा अभिनय करत असल्याची मला जाणीव झाली’ असं लिहितात. झालेली नसते. त्या क्षणी फक्त राग आलेला असतो. यावर उपाय सोपा आहे: ‘तेव्हा’ आणि ‘आता’ हे दोन शब्द निबंधात उघडपणे वापरायचे. तेव्हा मला वाटलं की काका माझी समजूत काढताहेत. आता दिसतं की ते मला धंद्याचं एक कसब देत होते. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे तेच चिंतन, आणि तपासणारा तेच शोधत असतो. तेव्हाच्या नोंदी रोजच्या रोज वहीत लिहिलेल्या असतील तर हे अंतर खरं राहतं. म्हणून कामाच्या पहिल्या दिवसापासून वही ठेवावी आणि तिच्यात मतांपेक्षा कुणाच्या तोंडची वाक्यं जास्त टिपावीत. काकांचं ते वाक्य ‘काकांनी धीर दिला’ एवढ्यावर उतरवलं असतं तर पुढचं काहीच हाती लागलं नसतं.

मग काय कापायचं? दुकान उघडण्याची वेळ, घडी शिकण्याचा भाग, ‘संयम आणि संवादकौशल्य’ हे सगळं जाईल. दुकानाचं वर्णन दोन-तीन वाक्यांत आटपेल. गादी आणि गल्ला तेवढे राहतील, कारण कोण कुठून कुणाला पाहतं याचा पुढे उपयोग आहे. घडी कापताना मुलांना वाईट वाटतं, कारण त्यात त्यांचे कष्ट गेलेले असतात. पण ते अंगमेहनतीचे श्रम. या निबंधातला प्रश्न दुसऱ्या श्रमाचा आहे. शेवटी ‘मी पुढे चांगली विक्रेती होईन’ असा संकल्प लिहिण्याऐवजी तिने काकांना विचारायचा राहून गेलेला प्रश्न लिहिला, तर मी तो जास्त आवडीने वाचेन: इतकी वर्षं रोज कुणाच्या तरी बहिणीची खरेदी आपली समजून झाल्यावर, घरी गेल्यावर ती समजूत उतरते का, आणि स्वतःच्या बहिणीशी बोलताना तिचं काय होतं?