‘आमच्या नावाने फेक पेज सुरू आहे’: ही सूचना कशी वाचायची आणि सीओडीचा सापळा कसा ओळखायचा?

इन्स्टाग्रामवर साड्या, चपला, ड्रायफ्रूट विकणाऱ्या दुकानांच्या पोस्टखाली हल्ली असं कॅप्शन दिसतं: ‘आमच्या नावाने फेक पेज सुरू आहेत. आम्ही कॅश ऑन डिलिव्हरी देत नाही. ऑर्डर फक्त खालच्या नंबरवर करा.’ आपण ते वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण यात एक मोठी गोम आहे. फेक पेजवालेही हेच कॅप्शन कॉपी करतात, फक्त त्यातला नंबर बदलतात! त्यामुळे पेजवर अशी सूचना आहे म्हणजे पेज खरं, असं अजिबात समजू नका.

एक उदाहरण घेऊ. समजा, येवल्यातलं एक पैठणीचं दुकान आहे. त्याचे फोटो, रील्स, लोगो सगळं उचलून कुणीतरी दुसरं पेज काढलं. नावात फक्त एक डॉट किंवा शेवटी ‘official’ जास्त. जाहिरात काय, तर ‘स्टॉक क्लिअरन्स, पैठणी फक्त ८९९ रुपये, सीओडी उपलब्ध’. हातमागावरची खरी रेशमी पैठणी काही हजारांच्या खाली मिळत नाही, त्यामुळे किंमत बघूनच शंका यायला हवी. पण सीओडी दिसलं की आपण म्हणतो, वस्तू हातात आल्यावरच पैसे द्यायचेत, मग भीती कसली?

इथेच फसगत होते. हातात येतो तो बंद डबा, वस्तू नव्हे. बहुतेक कुरिअरमध्ये पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत. तुम्ही ८९९ देता, उघडता, आत जुनी सिंथेटिक ओढणी. डिलिव्हरीवाल्या दादाशी भांडून उपयोग नाही, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. पैसे कुरिअर कंपनीकडे जातात आणि तिथून पाठवणाऱ्याला मिळतात. दारात क्यूआर स्कॅन केला तरी सहसा असंच होतं.

आता ओळखायचं कसं? पेजवरचा नंबर लावून ‘तुम्ही खरे का?’ असं विचारू नका, फोन त्यांचाच माणूस उचलणार. दुकानाचा नंबर पेजच्या बाहेरून मिळवा: जुनं बिल, साडीची पिशवी, दुकानाचा बोर्ड किंवा तुम्ही स्वतः टाइप करून उघडलेली वेबसाइट. त्या नंबरवर एकच प्रश्न विचारा, ‘तुमच्या पेजचं नेमकं युजरनेम काय?’ आणि एकेक अक्षर जुळवून बघा.

मग पेजचा इतिहास बघा. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरच्या तीन टिंबांवर टॅप करून About this account उघडा. अकाउंट कधी सुरू झालं हे तिथे दिसतं, काही अकाउंटवर देश आणि नाव किती वेळा बदललं हेही दिसतं. फेसबुकवर हीच माहिती Page transparency मध्ये असते. दुकान ‘तीन पिढ्यांचं’ आणि पेज मागच्या महिन्यातलं, किंवा आधी त्याच पेजचं नाव एखाद्या मीम पेजचं, तर समजून जा. फॉलोअर्सच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, ते विकत मिळतात.

पार्सल दारात आलंच, तर पैसे देण्याआधी लेबल वाचा. पाठवणाऱ्याचं नाव आणि परतीचा पत्ता त्यावर असतो. ऑर्डर येवल्याच्या दुकानाला आणि लेबलवर भलत्याच शहरातलं, कधी न ऐकलेलं नाव, तर पार्सल घेऊ नका. परत पाठवायला पैसे लागत नाहीत. घरी आई किंवा आजी पार्सल घेत असतील तर त्यांनाही सांगून ठेवा, कारण न मागवलेली सीओडी पार्सलंही अशीच खपवली जातात.

पैसे दिले गेले असतील तर वेळ घालवू नका. कुरिअर कंपनी सीओडीची रक्कम पाठवणाऱ्याला लगेच देत नाही, काही दिवसांनी देते. त्यामुळे लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर (एडब्ल्यूबी) आणि उघडतानाचे फोटो घेऊन त्याच दिवशी कुरिअरकडे लेखी तक्रार करा आणि रक्कम थांबवायला सांगा. थांबेलच याची खात्री नाही, पण संधी तेवढीच असते. कुरिअरचा नंबर मात्र सर्चमधल्या पहिल्या निकालातून घेऊ नका, त्यांच्या अॅपमधून किंवा वेबसाइटवरून घ्या. ‘रिफंडसाठी यूपीआय पिन टाका’ असं कुणी म्हटलं की तो दुसरा भामटा!

सोबत cybercrime.gov.in वर किंवा १९३० वर तक्रार नोंदवा. खराब किंवा चुकीच्या मालासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि खऱ्या दुकानालाही कळवा, पण नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. नाव आणि लोगो सारखाच असल्याने त्यावरून पेज सापडत नाही. प्रोफाइलची लिंक कॉपी करून पाठवा, म्हणजे दुकानदाराला त्याच पेजविरुद्ध नाव वापरल्याचा रिपोर्ट करता येईल.