कांद्याच्या गोंड्यांचा पत्ता

फेब्रुवारीत जालना जिल्ह्यात कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटवर पांढरे गोंडे उमलू लागतात. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, आणि पुढे बियाण्यांचा धंदा या भागात चांगलाच रुजला. कांद्याच्या बियाण्याला मात्र मधमाशी लागतेच. एका फुलातले परागकण बाहेर पडतात तेव्हा त्याच फुलातला स्त्रीकेसर तयार झालेला नसतो. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये तर मादी ओळींना परागच नसतात. नर ओळीतले पराग कुणीतरी तिकडे न्यावे लागतात. म्हणून शेतकरी मधपेट्या आणून ठेवतो. पेटी बांधावर ठेवली तरी माश्या कांद्यावर जातील याची खात्री नसते, कारण कुठे जायचे हे पेटीच्या आत, अंधारात, एका नाचातून ठरते.

सुरुवात टेहळणीपासून होते. पेटीतल्या थोड्याच माश्या स्वतःहून नवी फुले शोधत हिंडतात, बाकीच्या खबर येण्याची वाट पाहतात. माशीला तांबडा रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. तिची नजर बारीक नसते. लांबून तिला फुलोऱ्याचा पट्टा जाणवतो, वाऱ्यावरून वास येतो, आणि अगदी जवळ गेल्यावरच एकेक फूल वेगळे दिसते. मकरंद चांगला निघाला तर ती पोट भरून परतते, तो इतर माश्यांच्या तोंडी देते आणि मग उभ्या पोळ्यावर नाचू लागते.

ती थोडे अंतर सरळ रेषेत चालते, चालताना पोटाचा भाग सेकंदाला तेराचौदा वेळा डावी-उजवीकडे हलवते आणि पंखांचा गुणगुणाट करते. मग उजवीकडून वळून मूळ जागी येते, पुन्हा तीच सरळ रेषा, मग डावीकडून वळण. एकूण आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होतो. सगळी माहिती मधल्या सरळ धावेत असते: धावेची दिशा म्हणजे फुलांची दिशा, आणि धावेला लागणारा वेळ म्हणजे अंतर. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडले आणि 1973 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दिशेचे गणित एका उदाहरणाने पाहू. समजा, पेटी मोसंबीच्या बागेच्या कडेला आहे आणि कांद्याचा प्लॉट तिथून बरोबर दक्षिणेला, साधारण एक किलोमीटरवर. पेटीत सूर्य दिसत नाही, तेव्हा माशी एक अदलाबदल करते: पोळ्यावर सरळ वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा असे ती धरते. फेब्रुवारीच्या मध्यावर जालन्यात सकाळी दहा चाळीसच्या सुमारास सूर्य आग्नेयेला असतो. आग्नेयेकडे तोंड करून उभे राहिलात तर दक्षिण तुमच्या उजवीकडे 45 अंशांवर येते. म्हणून माशीची धाव सरळ वरच्या रेषेपासून उजवीकडे 45 अंश कललेली असते. बारा चाळीसला सूर्य नेमका दक्षिणेला येतो, तेव्हा त्याच प्लॉटसाठी ती सरळ वर चालते. दुपारी पावणेतीनच्या आसपास सूर्य नैर्ऋत्येला कलतो आणि धाव डावीकडे 45 अंश झुकते. प्लॉट जागचा हलला नाही, नाच मात्र सूर्याबरोबर फिरला. ढग आले तरी निळ्या आभाळाचा एखादा तुकडा तिला पुरतो. तिथल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून ती सूर्याची जागा ओळखते.

पेट्यांमधल्या युरोपियन माशीसाठी सरळ धावेचा एक सेकंद म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर. हे अंतर ती मोजते कशी, याचे उत्तर मंड्यम श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने दिले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांना सहासाडेसहा मीटरच्या अरुंद बोगद्यातून उडायला लावले. बोगद्याच्या भिंतींवर बारीक नक्षी होती. परतल्यावर माश्या नाचल्या त्या जणू दीडदोनशे मीटर उडून आल्यासारख्या! भिंती जवळ असल्यामुळे नक्षी डोळ्यांसमोरून फार वेगाने सरकली होती. म्हणजे माशी अंतर मोजते ते उडताना डोळ्यांखालून किती देखावा सरकला त्यावरून. मला या साऱ्या संशोधनातला हा प्रयोग सर्वात सुंदर वाटतो.

अंधारात हा नाच बघता येत नाही. मागच्या माश्या नाचणारीला शृंगिकांनी स्पर्श करत चालतात, तिच्या अंगाचा वास घेतात, मकरंदाची चव घेतात. एका धावेत चूक बरीच असते, म्हणून त्या अनेक धावा अनुसरतात. तरीही नाचातून मिळतो तो ढोबळ पत्ता. शेवटचा टप्पा वासावर पार पडतो. यावरूनच काही शास्त्रज्ञ म्हणत की माश्या फक्त वासावर जातात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नाच अनुसरलेल्या माश्यांवर रडारचे छोटे यंत्र चिकटवले आणि काहींना पेटीपासून दूर नेऊन सोडले. त्या माश्या खाद्याच्या जागी न जाता नाचाने सांगितलेल्या दिशेने, तेवढेच अंतर उडत गेल्या. नाचातला पत्ता त्यांनी खरोखर वाचला होता.

आपल्या देशी माश्याही नाचतात. आग्या मोहोळाच्या माश्या उघड्या उभ्या पोळ्यावर नाचतात. फुलोरी माशी फांदीभोवती बांधलेल्या छोट्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि धाव थेट फुलांकडे रोखते. तिथे वर-खालीचे गणितच नाही. बाभळीच्या फांदीवर फुलोरीचे पोळे दिसले तर न हलवता, जरा लांबून माथ्याकडे पाहा.

आता कांद्याकडे. मकरंद जितका गोड आणि भरपूर, तितके नाचाचे फेरे जास्त, आणि तितक्या जास्त माश्या त्या पत्त्यावर जातात. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम बरेच असते, ते माशीला फारसे आवडत नाही. त्याच दिवसांत मोसंबीचा आंबे बहार किंवा करडई जवळपास फुललेली असेल तर तिकडच्या नाचांचे फेरे वाढतात आणि कांद्याचा पत्ता मागे पडतो. गोंडे उमलण्याआधीच पेट्या आणल्या तर माश्या बहाराचा पत्ता धरतात आणि मग कांद्याकडे वळायला वेळ लागतो.

फवारणीने माशी मरते हे सगळे जाणतात. पण न मरता होणारे नुकसानही मोठे आहे: 2012 साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात इमिडाक्लोप्रिडची अगदी अल्प मात्रा पोटात गेलेल्या माश्या जिवंत राहिल्या, पण त्यांच्या नाचाचे फेरे कितीतरी पटींनी घटले. अशी माशी शेतात दिसेल, पेटीत मात्र कुणाला बोलावणार नाही.

तेव्हा प्लॉटमधली दहा टक्क्यांच्या आसपास फुले उमलल्यावरच पेट्या आणा. फुलोरा संपेपर्यंत कीटकनाशक टाळा. फवारणी अगदीच करावी लागली तर ती सूर्यास्तानंतर करा, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगा, कारण माशीला बांध माहीत नसतो.