मॉडेलच्या आधी मोजपट्टी

डेटा सायन्सच्या नोकरीसाठी मुलाखत देताना अनेक कंपन्यांत ‘केस स्टडी’ची एक फेरी असते. प्रश्न एका वाक्यात येतो : “आमचे प्रीपेड ग्राहक सोडून जाताहेत, काय कराल?” पुष्कळ उमेदवार लगेच अल्गोरिदमची नावं घेऊ लागतात. परीक्षकाला मात्र त्याआधीचे प्रश्न ऐकायचे असतात.

पहिला प्रश्न, ग्राहक ‘गेला’ असं कधी म्हणायचं? प्रीपेड ग्राहक सांगून जात नाही, तो फक्त रिचार्ज करायचं थांबवतो. किती दिवस रिचार्ज नसला की तो गेला, हे आधी ठरवावं लागतं. दुसरा प्रश्न, यादी हाती आल्यावर कंपनी करणार काय? समजा, एक लाख ग्राहकांपैकी दरमहा पाच हजार जातात आणि कॉल सेंटर दहा हजार जणांनाच फोन करून सवलत देऊ शकतं. आता काम नेमकं झालं : हे दहा हजार कोण, ते शोधायचं.

इथे अचूकतेची टक्केवारी फसवते. ‘कोणीच जाणार नाही’ म्हणणारं मॉडेल 95 टक्के बरोबर ठरेल, पण जाणारा एकही ग्राहक त्याला सापडणार नाही. म्हणून तुलनेला बेसलाइन हवी. चिठ्ठ्या टाकून दहा हजार निवडले, तर त्यांत जाणारे सुमारे 500 असतील. ‘पंधरा दिवसांत एकही कॉल नाही’ या साध्या नियमाने समजा 1,500 सापडले आणि मॉडेलने 2,000. मग मॉडेलची कमाई 500 ग्राहकांचीच, कारण नियम तर फुकटात हाताशी होता.

मॉडेलने 4,800 शोधले, तर आनंद होण्याआधी रकाने तपासावेत. कंपनी बदलण्यासाठी ग्राहक 1900 वर `PORT` आणि पुढे आपला मोबाइल नंबर असा एसएमएस पाठवतो. यादी एक तारखेला करायची आणि डेटात दहा तारखेच्या एसएमएसची नोंद आहे, तर मॉडेलने उत्तरपत्रिका आधीच पाहिली आहे. प्रत्यक्ष एक तारखेला ती नोंद नसेल आणि हे यश टिकणार नाही.

व्यवस्थापकांना सांगताना रुपयांत सांगावं : “तेवढ्याच फोनमध्ये जाणारे 500 ग्राहक जास्त गाठता येतील. पाचांतला एक थांबला आणि सहा महिने दरमहा 200 रुपये देत राहिला, तर एका यादीमागे 1,20,000 रुपये जास्त येतील. मॉडेल चालवण्याचा आणि वाढीव सवलतींचा खर्च त्यातून वजा करा.” ‘पाचांतला एक’ हा अंदाज आहे, हेही तिथेच सांगावं. तो पडताळायला यादीतले काही जण चिठ्ठ्या टाकून वगळावेत, त्यांना फोन करू नये आणि महिनाअखेर दोन्ही गटांत किती टिकले ते पाहावं. फरक दिसला नाही, तर जाणारे ओळखता येतात पण सवलत त्यांना थांबवत नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी बदलायची ती सवलत, मॉडेल नव्हे.