अक्षर वाढलं, चौकट तेवढीच

चाळिशी लागली की माणूस फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरं मोठी करून घेतो. मेसेज मोठे दिसतात, कॉन्टॅक्टची नावं मोठी दिसतात. मग एखादं बिल भरायचं अ‍ॅप उघडलं की तिथे अक्षर एकतर मुंगीएवढंच राहिलेलं असतं, नाहीतर मोठं होऊन अर्धं कापलं गेलेलं असतं.

अँड्रॉइड 14 पासून (2023) ही वाढ दुपटीपर्यंत जाऊ शकते. आयफोनवर अक्षरांच्या एकूण 12 पायऱ्या आहेत. त्यातल्या शेवटच्या पाच सुलभतेच्या सेटिंगमध्ये असतात, आणि मूळ 17 पॉइंटांचा मजकूर सर्वांत वरच्या पायरीवर 53 पॉइंटांचा होतो, म्हणजे तिपटीहून मोठा. अँड्रॉइडवर अक्षराचं माप sp या एककात दिलं तर ते वापरणाऱ्याच्या निवडीप्रमाणे वाढतं. dp मध्ये दिलं तर ही सेटिंग त्याला लागूच होत नाही. मुंगीएवढ्या अक्षराचं कारण बहुतेकदा हेच, किंवा मग डेव्हलपरने वाढ मुद्दाम बंद केलेली असते. ‘डिझाइन बिघडतं’ हे त्यामागचं नेहमीचं कारण. मला ते पटत नाही. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्या दृष्टीने ते डिझाइन आधीच बिघडलेलं आहे.

कापलं जाण्याचं कारण मात्र अक्षरात नसतं, त्याच्याभोवतीच्या चौकटीत असतं. अक्षर sp मध्ये वाढतं आणि बटणाची उंची 48dp वर ठाम उभी असते. देवनागरीला याचा फटका इंग्रजीपेक्षा जास्त बसतो, कारण आपल्या ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि खाली उकार. ‘पुष्टी करा’ असं बटण वरून-खालून कापलं गेलं की उकार जातो, वेलांटीचा वरचा बाक जातो आणि उरतं ‘पष्टा करा’. यावरचा उपाय दोन ओळींचा आहे: ठरीव उंची काढायची आणि किमान उंची द्यायची.

```xml
android:layout_height="wrap_content"
android:minHeight="48dp"
```

आता बटण 48 पेक्षा लहान होणार नाही, पण मजकूर वाढला तर त्याच्याबरोबर वाढेल. दोन ओळींमधलं अंतरही sp मध्येच द्यायला हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

उंचीचा प्रश्न असा सुटतो, रुंदीचा जरा चिवट असतो. समजा, पडदा 360dp रुंद आहे. दोन्ही बाजूंना 16-16 सोडले की 328 उरतात. एका ओळीत ‘वीजबिल, ऑगस्ट’, मग ₹12,480 आणि शेवटी ‘भरा’ हे बटण. नेहमीच्या अक्षरात नावाला साधारण 110, रकमेला 60 आणि बटणाला 90 लागतात. सगळं आरामात मावतं. अक्षर जवळजवळ दुप्पट झालं की हीच बेरीज साडेचारशेच्या आसपास जाते. अशा वेळी अनेक जण ‘एकच ओळ, न मावल्यास तीन टिंबं’ असा नियम लावून मोकळे होतात. नावाच्या बाबतीत तो एकवेळ चालेल. पण रकमेला लागला की पडद्यावर ‘₹12…’ दिसतं, आणि बारा रुपये की बारा हजार, हे पैसे भरणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही.

इथे आडवी मांडणी सोडून उभी घ्यावी: वर नाव, त्याखाली पूर्ण रक्कम, त्याखाली पडद्याच्या रुंदीएवढं बटण. अक्षर ठरावीक मापापुढे गेलं की मांडणी आपोआप बदलेल, अशी तजवीज कोडमध्ये करता येते. पान लांबतं, पण ते खाली सरकवता येत असेल तर कुणाची तक्रार नसते. खरी अडचण होते ती न सरकणाऱ्या चौकटींत. अटींचा मजकूर फुगतो, ‘पुढे’ हे बटण पडद्याच्या खाली निघून जातं आणि माणूस तिथेच अडकतो.

सगळंच वाढवता येतं असं नाही. तळाच्या पट्टीत चार-पाच चिन्हं दाटीवाटीने बसलेली असतात, तिथली नावं तिप्पट केली तर पट्टीच अर्धा पडदा खाईल. आयफोनने इथे वेगळी वाट काढली: पट्टी तेवढीच राहते, पण चिन्हावर बोट दाबून धरलं की तेच चिन्ह आणि नाव पडद्याच्या मधोमध मोठं दिसतं. ही सूट अशा पट्ट्यांपुरतीच ठेवावी. ती वाचायच्या मजकुराला लावली तर पळवाट होते.

तपासायला फोन संगणकाला जोडून एक आज्ञा द्यावी लागते:

```
adb shell settings put system font_scale 2.0
```

काम झाल्यावर 2.0 च्या जागी 1.0 लिहून पूर्ववत करायचं. अक्षरांच्या सेटिंगशेजारी सगळा पडदाच मोठा करणारी आणखी एक सेटिंग असते. ज्यांची नजर अधू आहे ते अनेकदा दोन्ही शेवटपर्यंत ओढतात, आणि तेव्हा वरच्या हिशेबातले 360dp सुद्धा हाती राहत नाहीत. म्हणून टीममधला सर्वांत लहान फोन घ्यावा, दोन्ही सेटिंग्ज टोकाला न्याव्यात, भाषा मराठी ठेवावी आणि एक बिल पहिल्या पानापासून पावतीपर्यंत भरून पाहावं.